फोल्डर भरलं, तरी चॅटला ठाऊक नाही

पत्र

"बँकेतून निवृत्त झालो आणि आमच्या 56 सदनिकांच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो. नोटिसा, पत्रं, इतिवृत्तं यांसाठी एआय चॅट वापरतो. दर वेळी सोसायटीची कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते, म्हणून मुलानं दिवाळीत एक प्रोजेक्ट करून दिला आणि माझ्या कॉम्प्युटरवरच्या सोसायटीच्या झाडून सगळ्या 43 फायली त्यात टाकल्या. तरी उत्तरं चुकतात. भाड्यानं दिलेल्या फ्लॅटचं बिनभोगवटा शुल्क 240 रुपये यायला हवं, ते 385 काढलं. एका चॅटमध्ये बसून ठरवलेलं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चॅटला ठाऊकच नव्हतं. मुलगा म्हणतो, 'बाबा, अजून माहिती टाका.' टाकू का? की आपली जुनी एकच लांबलचक चॅट बरी? त्यात आता समितीतले दोघं म्हणतात, आम्हालाही त्यात घ्या."
— एक सेक्रेटरी, डोंबिवली

उत्तर

नमस्कार,

अजून काही टाकू नका. आहे त्यातलंच बरंच काढायचं आहे. मूळ प्रती कॉम्प्युटरवर आहेत, त्यामुळे हात आखडता घ्यायचं कारण नाही.

तुम्ही पत्रासोबत फायलींची यादी आणि एक मासिक बिल पाठवलंत, ते बरं केलंत. यादी वाचताना तीन गोष्टी दिसल्या. काही फायली त्या साधनाला बहुधा वाचताच येत नाहीत. काही फायली एकमेकींशी भांडतात. आणि तुम्हाला रोज लागणारी माहिती एकाही फायलीत नाही, ती जुन्या चॅटमध्ये पडून आहे. मुलगा हुशार आहे, पण सोसायटीचे कागद त्यानं वाचलेले नाहीत. तुम्ही वाचलेत. त्यामुळे हे काम तुम्हालाच करावं लागणार.

आधी प्रोजेक्ट म्हणजे काय ते पाहू. ही सोय क्लॉडमध्ये जून 2024 मध्ये आली, चॅटजीपीटीत त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. दोन्हीकडे आत तीनच गोष्टी असतात: कायमच्या सूचनांचा एक छोटा मजकूर, सामाईक फायली, आणि त्या फायलींच्या आधारानं चालणाऱ्या चॅट्स. नवी चॅट उघडली की तिला सूचना आणि फायली मिळतात. शेजारच्या चॅटमध्ये काल काय बोलणं झालं, ते तिला मिळेलच असं नाही. काही ठिकाणी आता प्रोजेक्टपुरती 'मेमरी' असते आणि ती आधीच्या चॅट्समधलं थोडंफार उचलते. पण काय उचललं आणि काय सोडलं, हे आपल्या हातात नसतं. सोसायटीचा ठराव अशा भरवशावर सोडता येत नाही.

तुम्ही बँकेत होतात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. बदली झाली की आपण पुढच्या माणसाला चार्ज देतो. कपाटाच्या किल्ल्या दिल्या म्हणून चार्ज दिला असं होत नाही. काय चालू आहे, काय अडकलंय, कोणत्या खात्यावर लक्ष ठेवायचं, हे एका कागदावर लिहून द्यावं लागतं. प्रोजेक्टमधली प्रत्येक नवी चॅट चार्ज घ्यायला आलेली असते. मुलानं तिला किल्ल्या दिल्या आहेत. तो कागद कुणीच लिहिलेला नाही.

आता 385 कडे येऊ. तुमच्या बिलात सेवा शुल्क 2,400, मालमत्ता कर 620, सिंकिंग फंड 330 आणि दुरुस्ती निधी 500 आहे. बेरीज 3,850. तिचे 10 टक्के 385. म्हणजे '10 टक्के' हा भाग त्याला माहीत होता, कशाचे ते माहीत नव्हतं. 2001 च्या शासन आदेशाप्रमाणे बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि पालिकेचा कर त्यात धरत नाहीत. हे तुम्हाला पाठ आहे. ते तुमच्या उपविधींत आहे, 2019 च्या तुमच्या ठरावातही आहे. यादीत दोन्ही फायली आहेत: एकीचं नाव 'उपविधी स्कॅन', दुसरीचं 'ठराव श्रीलिपी'. नावांवरूनच मला शंका आली.

शंका तपासायला एक मिनिट लागतं. ती पीडीएफ कॉम्प्युटरवर उघडा, एक ओळ माउसनं निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळ निवडताच आली नाही, तर ते पान म्हणजे फोटो आहे, त्यात अक्षरं नाहीत. ओळ निवडली गेली पण नोटपॅडमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी उतरली, तर मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. पडद्यावर तो मराठी दिसतो, पण आत साठवलेली अक्षरं मराठी नसतात. मराठी जशीच्या तशी उतरली, तरच ती फाइल युनिकोडमध्ये आहे आणि कामाची आहे. इंग्रजीत काम करणाऱ्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही, म्हणून प्रोजेक्ट कसे करावेत हे सांगणाऱ्या व्हिडिओंमध्ये तो येत नाही. आपल्याकडे सोसायट्या, शाळा, ग्रामपंचायती, वकिलांची ऑफिसं यांचे वर्षानुवर्षांचे मराठी कागद अशाच फॉन्टमध्ये अडकलेले आहेत. ज्यांची उत्तरं कारणाशिवाय चुकतात, त्यांनी पहिल्यांदा हे तपासावं.

चॅटला थेट जोडलेला फोटो ही साधनं बऱ्यापैकी वाचतात. प्रोजेक्टच्या सामाईक फायलींतून मात्र बहुतेकदा फक्त मजकूर उचलला जातो. मजकूर नसेल तर ती फाइल तिथं असून नसल्यासारखी. वाईट हे, की चूक दाखवणारी लाल खूण कुठंच उमटत नाही. यादीत फाइलचं नाव दिसतं आणि आपण निर्धास्त होतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण एकदाच करायचा आहे. पानांचे स्वच्छ फोटो किंवा स्कॅन गूगल ड्राइव्हवर चढवा, फाइलवर राइट क्लिक करून `Open with` मधून `Google Docs` निवडा. चित्रातली मराठी अक्षरं ओळखून ती युनिकोडमध्ये उतरवली जातात. श्रीलिपीत टाइप केलेली पीडीएफ मात्र थेट देऊ नका, आतली खिचडीच वर येण्याचा धोका आहे. त्या पानांचा आधी फोटो करा. मग उतरलेला मजकूर मूळ कागदाशी ताडून पाहा. जोडाक्षरांच्या किरकोळ चुका सोडून द्या, आकडे मात्र एकेक करून तपासा. देवनागरी १ आणि ९, ५ आणि ६ यांची गल्लत होते, आणि उपविधींत नेमके आकडेच महत्त्वाचे असतात. सगळी पुस्तिका पहिल्या दिवशी करायची गरज नाही. शुल्क, थकबाकी, सभा आणि सदनिका हस्तांतरण ही प्रकरणं आधी करा. तुमची बहुतेक पत्रं त्यांच्यावरच चालतात.

दुसरं दुखणं भांडणाऱ्या फायलींचं. पुनर्विकासाचे शासन निर्देश तुमच्या यादीत दोनदा आहेत: 3 जानेवारी 2009 चे आणि 4 जुलै 2019 चे, दोन्ही महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79 (अ) खालचे. 2009 च्या निर्देशांत मंजुरीसाठी तीन-चतुर्थांश बहुमताची भाषा आहे, 2019 च्या निर्देशांत एकूण सभासदांच्या 51 टक्के संमतीची. तुम्ही दोन्ही जपून ठेवलेत, कारण तुम्हाला माहीत आहे की नव्यानं जुन्याची जागा घेतली. फोल्डरला ते कुणी सांगितलेलं नाही. दोन्ही फायली सारख्याच सरकारी दिसतात, सारखेच शब्द वापरतात. ज्या दिवशी जो उतारा जवळचा वाटेल तो उचलला जाणार. सभेच्या नोटिशीच्या मसुद्यात 75 टक्के आले आणि तुमच्या नजरेतून सुटले, तर ती नोटीस 56 घरांत जाईल आणि मग खुलासे करत बसावं लागेल.

म्हणून नियम असा ठेवा: ज्या कागदाचा अंमल आज नाही, तो प्रोजेक्टमध्ये नाही. इतिहास म्हणून हवा असेल तर कॉम्प्युटरवर राहू दे, लागेल त्या दिवशी त्या चॅटपुरता जोडा. तुमच्या यादीत शुल्काचे तीन तक्ते आहेत, 2021, 2023 आणि चालू. पहिले दोन काढा. मागच्या वर्षीच्या नोटिसांचे नऊ मसुदे आहेत. तुम्हाला सगळ्यात आवडलेला एक नमुना ठेवा, बाकीचे काढा. जी राहील तिच्या नावात तारीख आणि दर्जा लिहा: 'शुल्क तक्ता, 14-09-2025 च्या सभेत मंजूर'. 'फायनल नवीन 2' असं नाव आपल्यालाच काही सांगत नाही, तर चॅटला काय सांगणार.

आणखी एक, फार जणांना हे उशिरा कळतं. प्रोजेक्टमध्ये चढवलेली फाइल ही त्या दिवसाची प्रत असते. कॉम्प्युटरवर तुम्ही शुल्काचा तक्ता बदललात, म्हणून प्रोजेक्टमधला बदलत नाही. जुना काढून नवा चढवावा लागतो. नुसता नवा चढवला आणि जुना तसाच राहिला, तर पुन्हा वरचंच भांडण.

आता, एकच फोल्डर की अनेक? तुमच्या मुलानं 'सोसायटी' नावाखाली सगळं घेतलं, कारण बाहेरून पाहणाऱ्याला हा एकच विषय वाटतो. विषयाकडे पाहून फोल्डर करू नका, कागदांकडे पाहा. दोन चॅट्सना तेच कागद समोर लागतात का? लागत असतील तर त्या एका प्रोजेक्टमध्ये. लागत नसतील तर नाव एकच असलं तरी वेगळ्या. हाच प्रश्न प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीलाही लागू पडतो आणि लग्नांचे डबे करणाऱ्या बाईंनाही. विद्यार्थिनीच्या प्रबंधातल्या दोन प्रकरणांना तीच मुलाखतीची टिपणं लागत असतील तर ती प्रकरणं एकत्र राहावीत. शिष्यवृत्तीच्या अर्जाला ती लागत नाहीत, तो वेगळा.

या हिशेबानं तुमचे दोन प्रोजेक्ट होतात. पहिला रोजचा कारभार. त्यात पाच फायली: उपविधी, अंमलात असलेल्या ठरावांची एक सलग यादी, चालू शुल्क तक्ता, नोटिशीचा एक नमुना, आणि चालू टिपण, ज्याबद्दल पुढं सांगते. दुसरा पुनर्विकास. त्यात 2019 चे निर्देश, वास्तुविशारदाचा अहवाल, पुनर्विकासाच्या सभांची इतिवृत्तं आणि त्याचं स्वतःचं चालू टिपण. उपविधींची प्रत दोन्हीकडे ठेवली तरी चालते. तिसऱ्या मजल्यावरच्या गळतीच्या तक्रारीला प्रोजेक्ट नको. दोन पत्रं आणि चार फोटो आहेत. एक साधी चॅट उघडा, ते जोडा, काम झालं की संपलं. दर गोष्टीला फोल्डर केलं की महिन्याभरात फोल्डरच शोधत बसावं लागतं.

ठरावांच्या यादीवर जरा वेळ घालवा, ती या सगळ्यात जास्त उपयोगी पडते. उपविधी कमाल मर्यादा सांगतात, तुमच्या सभेनं काय ठरवलं ते सांगत नाहीत. 2014 च्या आदर्श उपविधींत थकबाकीवर कमाल 21 टक्के सरळव्याजाची मर्यादा आहे, पण तुमच्या सभेनं 15 ठरवलं आहे. फक्त उपविधी समोर असलेली चॅट थकबाकीदाराला 21 टक्क्यांचं पत्र लिहून देईल, आणि ते वाचायला अगदी बिनचूक वाटेल. म्हणून इतिवृत्तांतून फक्त ठराव वेचा. सभेची तारीख, ठराव क्रमांक, ठरावाचं एक वाक्य. दहा वर्षांची इतिवृत्तं मिळून शेकडो पानं होतील, अंमलात असलेले ठराव तीन-चार पानांत मावतील.

आकारही इथं महत्त्वाचा आहे. क्लॉडनं ही सोय आणली तेव्हा एका प्रोजेक्टची जागा साधारण पाचशे पानी पुस्तकाएवढी असल्याचं सांगितलं होतं. तो हिशेब इंग्रजीचा. तेवढाच मजकूर देवनागरीत असला की जास्त जागा खातो, म्हणून मराठी कागदांचा प्रोजेक्ट लवकर भरतो. भरला की साधन सगळं वाचत नाही. तुमच्या प्रश्नाशी जुळणारे तुकडे शोधून तेवढेच समोर घेतं. 'नोटीस किती दिवस आधी द्यायची' अशा प्रश्नाला हे पुरतं, कारण उत्तर एका जागी असतं: वार्षिक सभेसाठी पूर्ण 14 दिवस. पण 'टाकीबद्दल आजवर झालेले सगळे ठराव काढा' असं सांगितलंत, तर पाच मिळतील आणि दोन राहतील, आणि राहिले आहेत हे कळणार नाही. 'सगळे', 'एकूण', 'एकही' असे शब्द तुमच्या प्रश्नात आले की प्रोजेक्टवर विसंबू नका. त्या त्या वर्षाचं इतिवृत्त थेट चॅटला जोडा आणि एकेका वर्षाचं काम करून घ्या. मग ठरावांच्या रजिस्टरशी संख्या जुळवा.

चालू टिपण म्हणजे तो चार्जचा कागद. एक पान, त्याहून मोठं नाही. तुमच्यासाठी मी असं लिहीन:

> चालू टिपण, 12 जानेवारी 2026. सेवा शुल्क दरमहा 2,400 रुपये, 14-09-2025 च्या वार्षिक सभेत मंजूर. बिनभोगवटा शुल्क फक्त सेवा शुल्कावर 10 टक्के, म्हणजे 240. कर, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी यात धरायचे नाहीत. थकबाकीवर सरळव्याज 15 टक्के. टाकीची दुरुस्ती: दोन दरपत्रकं आली, तिसरं येईपर्यंत निर्णय नाही. लिफ्टचा देखभाल करार मार्चअखेर संपतो, नूतनीकरणाची चर्चा फेब्रुवारीच्या समिती सभेत.

काल एका चॅटमध्ये ठरलेलं आज दुसरीला कळावं, तर ते या पानावर यायला हवं. चॅट संपवताना तिच्याकडून झालेल्या निर्णयांचा चार-पाच ओळींचा सारांश लिहून घ्या. तो तसाच चिकटवू नका. चर्चेत तुम्ही नुसता विचारात घेतलेला पर्यायही तिथं कधीकधी 'ठरलं' म्हणून येतो. तुम्ही वाचा, दुरुस्त करा, टिपणात घाला, वरची तारीख बदला, जुनं टिपण काढून नवं चढवा. आठवड्यातून एकदा बसलात तरी पुरे. ज्या आठवड्यात काही ठरलं नाही, त्या आठवड्यात हात लावू नका.

सूचनांच्या जागी, जिला `Instructions` म्हणतात, फायलींतली माहिती पुन्हा लिहायची नाही. तिथं वागण्याचे नियम लिहा: पत्रं मराठीत आणि औपचारिक, सभासदांना 'आपण', नियम सांगताना फाइलचं नाव आणि उपविधी क्रमांक द्यायचा, उपविधी आणि ठराव यांत फरक दिसला तर स्वतः निवड न करता दोन्ही दाखवायचे, फायलींत उत्तर नसेल तर 'फायलींत नाही' एवढंच लिहायचं. शेवटचा नियम लिहिला म्हणून तो दर वेळी पाळला जातो असं नाही, पण लिहिल्यानं फरक पडतो.

तुमची जुनी लांबलचक चॅट मात्र मी सोडून देईन. ती तुम्हाला का आवडते ते समजतं. तिथं सगळं सांगून झालेलं आहे, पुन्हा ओळख करून द्यावी लागत नाही. पण चॅट फार लांबली की जुना भाग मागं पडतो, आणि त्यात तुम्ही पूर्वी रद्द केलेले आकडेही तितक्याच ठामपणे लिहिलेले असतात. 2023 चा शुल्क दर तिथं किती वेळा आलाय ते एकदा शोधून पाहा. दोन्ही साधनांत जुनी चॅट उचलून प्रोजेक्टमध्ये नेता येते, आणि तो मोह तुम्हाला होईल. नेऊ नका, सगळा जुना गाळ सोबत येईल. एक संध्याकाळ काढा, ती वरपासून वाचा, आजही खरं असलेलं टिपणात उतरवा आणि चॅट बाहेरच राहू द्या.

नवा प्रोजेक्ट तयार झाला की कामाला लावण्याआधी त्याची परीक्षा घ्या. उत्तर तुम्हाला पाठ आहे असा प्रश्न टाका, म्हणजे त्या भाड्याच्या फ्लॅटचाच. 240 आले तर पुढं जा, पण कुठल्या फाइलीतून आणि कुठल्या वाक्यावरून ते मागा. मिळालेलं वाक्य फाइल उघडून `Ctrl+F` नं शोधा. शब्दशः सापडलं तर फाइल वाचली जातेय. अर्थ बरोबर पण वाक्यच सापडत नाही, असं झालं तर उत्तर सर्वसाधारण माहितीवरून आलंय, तुमच्या कागदावरून नाही. आज ते योगायोगानं बरोबर आलं, इतकंच. मग फायलींत मुळीच नसलेली गोष्ट विचारा, उदाहरणार्थ टेरेसवरच्या लग्नसमारंभाचं भाडं, जे तुमच्या सभेनं कधी ठरवलेलंच नाही. आकडा मिळाला, तर सूचना अजून कडक करा, आणि तोवर कुठल्याही आकड्यावर डोळे झाकून सही करू नका.

समितीतल्या दोघांबद्दल. प्रोजेक्ट इतरांबरोबर वाटून घ्यायची सोय साधनावर आणि प्लॅनवर अवलंबून असते, आणि काही ठिकाणी फायलींबरोबर आतल्या चॅट्सही सगळ्यांना दिसतात. थकबाकीदाराला काय लिहावं याचा तुम्ही चाचपडत केलेला पहिला मसुदा खजिनदारांनी वाचावा असं तुम्हाला वाटतं का? वाटत नसेल तर प्रोजेक्ट वाटू नका, फायली वाटा. त्या पाच फायली एका गूगल ड्राइव्ह फोल्डरमध्ये ठेवा, तिघांनाही पाहता याव्यात. बदलायचा हक्क एकाकडेच, म्हणजे तुमच्याकडे. ज्याला हवं त्यानं आपल्या खात्यात आपला प्रोजेक्ट करावा. चालू टिपण बदललं की ग्रुपवर तारखेसह एक ओळ टाका, म्हणजे जो तो आपली प्रत बदलेल. पुढं सेक्रेटरी बदलला तरी कागद ड्राइव्हवर राहतील. नाहीतर सगळं तुमच्या खासगी खात्यात अडकेल, आणि चॅटजीपीटीत प्रोजेक्ट डिलीट केला की आतल्या फायली आणि चॅट्सही जातात.

आणि या सगळ्याच्या आधी, आज रात्रीच, यादीतली सतरावी आणि तिसावी फाइल काढा. एकीत 56 सभासदांची नावं, मोबाइल नंबर आणि ईमेल आहेत, दुसरीत हस्तांतरणाच्या अर्जांसोबतच्या आधार आणि पॅन कार्डांच्या प्रती. सभासदांनी ते कागद सोसायटीच्या दप्तरासाठी दिले होते. चॅटजीपीटी वापरत असाल तर `Settings` मध्ये `Data controls` खाली `Improve the model for everyone` ही खूणही बंद करा. क्लॉडमध्येही तशी सोय सेटिंग्जमध्ये आहे. खूण बंद केली तरी या दोन फायली परत चढवू नका. पत्राच्या मसुद्याला 'सदनिका 304' एवढं पुरतं. नाव आणि पत्ता छापताना हातानं घाला.